शिवी नसलेली तक्रार

भरे गावातल्या केशरबाई पवळेचं भांडण सुरू झालं की लोक हातातलं काम टाकून ऐकायला येत. भांडण कशावरून आहे, याच्याशी कुणाला देणंघेणं नसे. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, नाहीतर दुसऱ्याच्या म्हशीनं गवताची पेंढी ओढली म्हणून. कारण काही असलं तरी केशरबाईची शिवी ताजी असे. कालची शिवी आज वापरणं तिला कमीपणाचं वाटे. सासरे आबा ठार बहिरे होते, तरीही सून कुणाला झोडपते आहे हे तिच्या हातवाऱ्यांवरून ओळखून ते खांबाला टेकून खुशीत मान हलवत बसत.

माहेर तिचं कासार आंबोलीचं. लग्न होऊन ती भऱ्यात आली तेव्हा नवरा किसन पहिल्याच महिन्यात शहाणा झाला आणि गप्प बसायला शिकला. दोघांचा संसार चांगला चालला होता. भाताची खाचरं, दोन म्हशी, थोडा भाजीपाला. लावणीच्या वेळी केशरबाईच्या उजव्या हाताला गावात जोड नव्हता. रोप चिखलात असं रोवी की जणू ते तिथंच उगवलं असावं.

त्र्याऐंशी साली भात काढणीच्या दिवसांत डोक्यावर भारा घेऊन येताना ती बांधावरून घसरली आणि तोच उजवा हात मोडला. त्या रात्री कुशाबा हाडवैद्यानं हळदीचा लेप लावून बांबूच्या कामट्यांनी हात बांधला. सकाळी हात सुजून भोपळ्यासारखा झाला, तेव्हा किसननं तिला पिरंगुटच्या नाक्यावर डॉक्टर नगरकरांकडे नेलं. नगरकर पुण्याहून येऊन इथे दवाखाना थाटलेले, पांढऱ्या शर्टाचे, शुद्ध बोलीचे डॉक्टर होते. हाडाचा फोटो काढायचं त्यांचं स्वतःचं यंत्र होतं. त्यांनी कामट्या सोडल्या, फोटो काढला, कोपरापासून पंजापर्यंत प्लास्टर घातलं आणि आठ दिवसांनी बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केशरबाई परत दवाखान्यात गेली. आत काय झालं ते बाहेरच्या लोकांना इतकंच कळलं की केशरबाईचा आवाज चढला, डॉक्टरांचा त्याहून चढला आणि डॉक्टरांनी तिला बाहेर काढलं. किसन पलीकडे चहा पीत होता. आवाज ऐकून त्यानं सवयीप्रमाणे बशीत तोंड घातलं. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तर डॉक्टर पुण्याला गेलेले. कंपाउंडर भिकू म्हणाला, "आठ दिवसांनी बोलावलंय ना बाई? मग?" चौथ्या दिवशी किसननं तिला एस.टी.त घालून पुण्याला ससून इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरनं हात बघताच आधी प्लास्टर कापलं आणि मग नाव विचारलं. बोटं गार पडली होती, टोचलेलं कळत नव्हतं. हात वाचला, पण बोटं आत वळली ती वळलीच. पंजा कोंबडीच्या पायासारखा झाला.

ससूनच्या डॉक्टरनं कागदावर लिहिलं ते एवढंच. दोष कुणाचा ते त्यानं लिहिलं नाही, विचारलं तर बोललाही नाही.

घरी आल्यावर किसन भाकऱ्या थापू लागला. त्याच्या भाकऱ्या कुठल्याही आकाराच्या असत, फक्त गोल नसत. आबा त्या चावताना जाणूनबुजून मोठा आवाज करीत. हे सगळं केशरबाईनं सोसलं. एक गोष्ट मात्र तिला सोसवेना. नगरकर नाक्यावर ज्याला त्याला सांगत होते, "बाई हाताचं काही बोललीच नाही हो. नुसती भांडायला आली होती. बोटांचं एका शब्दानं बोलली असती तर मी प्लास्टर कापलं नसतं का?"

आणि गावाला ते पटत होतं. केशरबाई भांडायला गेली, यात न पटण्यासारखं काय होतं? तिची जाऊ चंद्राबाई पाणवठ्यावर म्हणाली, "आक्का, खरं सांगा, सांगायचं राहून गेलं आसंल तुमच्याकडनं. शिव्यांच्या नादात."

"सटवे, माझा हात जळत व्हता आन् म्या शिव्यांच्या नादात व्हते?"

"हे बघा, ह्योच नाद."

त्या दिवशी केशरबाईला पहिल्यांदा शब्द सुचला नाही. मी गेले होते, मी सांगितलं होतं, हे तिला कुणीतरी खरं मानायला हवं होतं. नवऱ्यालाही छातीवर हात ठेवून तसं सांगता येईना, कारण तेव्हा त्याचं तोंड बशीत होतं.

मग तिनं तिच्या पद्धतीचा उपाय केला. नाक्यावर गर्दीच्या वेळी दवाखान्यासमोर उभी राहिली आणि नगरकरांच्या सात पिढ्यांची हजेरी घेतली. कसाई झाला, हातखाऊ झाला, पदवी विकत घेतलेला झाला, दारूडा झाला. लोकांनी एस.टी. सोडून ऐकलं. पुढच्या आठवड्यात वकिलाची नोटीस आली. जाहीर आणि लेखी माफी मागा, नाहीतर अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरू.

फौजदारी हा शब्द ऐकून किसनच्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली. "माग माफी. काय जातंय तुजं?"

"माजा हात गेला, आता तोंडबी दिऊ?"

कासार आंबोलीचा जयवंत कांबळे पुण्याला वकिली करू लागला होता. बौद्धवस्तीतला, आईबापांनी मजुरी करून शिकवलेला. केशरबाई त्याच्या गावची लेक, म्हणून तो तिला आत्या म्हणे. लहानपणी तिच्याकडून ऐकलेल्या शिव्या कोर्टात उपयोगी पडत नाहीत, याची त्याला अधूनमधून खंत वाटे. केशरबाई नोटीस घेऊन त्याच्या घरी गेली.

जयवंतनं नोटीस वाचली. "आत्या, यातलं तुम्ही काय काय बोललात?"

"समदं. त्यानं कमीच लिवलंय."

"मग ऐका. नाक्यावर बोललात ती चूक. आपली तक्रार ऐकायला जागा आहे. मुंबईला मेडिकल कौन्सिल आहे. डॉक्टरांची नावं त्यांच्या रजिस्टरवर असतात. डॉक्टर चुकला तर कौन्सिल चौकशी करतं, ताकीद देतं, नाव काढूही शकतं. ज्याला अधिकार आहे त्याच्यापुढं मनात काळंबेरं न ठेवता, नीट चौकशी करून तक्रार केली, तर ती अब्रुनुकसानी धरत नाही. पण तुमचा राग निघाला की ते संरक्षण डळमळलं. आणि भरपाई वगैरे कौन्सिल देत नाही, ते आधीच सांगतो."

"भरपाई नगं मला. म्या सांगितलं व्हतं, येवढं त्येनी मानलं पायजे."

"मग दोन अटी. निकाल लागेपर्यंत नगरकरांबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही."

"आन् दुसरी?"

"तक्रारीत एकही शिवी नाही."

केशरबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं मिठाशिवाय कालवण करायला सांगितलं होतं.

पुढची दुपार दोघांची अशी गेली की जयवंतची आई दार ओढून शेजारी जाऊन बसली. तक्रारीसोबत प्रतिज्ञेवर केलेलं निवेदन लागत होतं आणि त्याचा नियम साधा होता. स्वतःला ठाऊक असेल ते ठाऊक आहे म्हणून लिहायचं. दुसऱ्याकडून कळलं असेल तर कुणाकडून कळलं आणि ते खरं का वाटतं, हेही लिहायचं. जयवंत प्रत्येक वाक्याला अडवी.

"लिव, डाक्टर दारू पिऊन व्हता."

"तुम्हाला वास आला?"

"न्हाई. भिकू कंपौंडर म्हणला कुणाला तरी."

"भिकू सही करून देईल?"

"त्यो? त्यो सोताच्या बापाचं नाव सही करून देयाचा न्हाई."

"मग खोडलं. पुढं."

"पदवी इकत घेतलीया."

"पावती पाहिली?"

"तू माजा वकील हायेस का त्याचा?"

"त्याचा वकील जे विचारील ते मी आत्ताच विचारतोय. प्लास्टर घट्ट होतं, हेसुद्धा मी लिहिणार नाही. घट्ट का सैल, हे डॉक्टरांनी ठरवायचं. तुम्हाला काय झालं ते सांगा."

"बोटं काळीनिळी पडली. हालंना. आग आग झाली, मंग आगबी थांबली. म्हंजी कायच लागंना."

"छान. हे लिहितो. 'बोटे निळी पडली होती, हलत नव्हती व बधिर झाली होती, असे मी डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितले.'"

"बधिर?" केशरबाई म्हणाली. "बधिर तर आमचा सासरा हाय."

"आत्या, लेखी भाषेत असंच म्हणतात."

"म्हणत्यात तर म्हणू देत."

कुशाबाच्या कामट्यांवरून सगळ्यात मोठं भांडण झालं. किसनही तोवर येऊन बसला होता. त्याचं म्हणणं, हाडवैद्याकडे गेल्याचं लिहूच नये. डॉक्टर सगळं त्याच्यावर ढकलील. जयवंतनं केशरबाईकडे पाहिलं.

"ग्येलो व्हतो का न्हाई आपण?" केशरबाईनं नवऱ्याला विचारलं.

"ग्येलो व्हतो, पण..."

"मंग लिव रं जयवंता. माझं नाव भांडखोर हाय, लबाड न्हाई."

शेवटी कागद तयार झाला तो सरकारी पत्रकासारखा कोरडा. तारखा, वेळा, कोण काय म्हणालं, सोबत ससूनच्या कागदांच्या नकला. जयवंतनं तो वाचून दाखवला तेव्हा केशरबाईचं तोंड पडलं. "ह्ये कुनाचं हाय? ह्यात म्या कुटंच न्हाई." तरीही पौडला तहसील कचेरीत जाऊन तिनं शपथेवर डाव्या हाताचा अंगठा उठवला. अव्वल कारकुनानं नियमाप्रमाणे विचारलं, "वाचून दाखवलं ना? बरोबर आहे?" ती म्हणाली, "बरोबर हाय. चव न्हाई." तक्रार रजिस्टर पोस्टानं कौन्सिलच्या रजिस्ट्रारच्या नावे गेली. नगरकरांच्या वकिलाला जयवंतनं दोन ओळींचं उत्तर पाठवलं आणि तक्रारीची गोष्ट कळवली. त्यानंतर नोटिशीचं पुढे काही झालं नाही. बहुधा डॉक्टरही कौन्सिलचं काय होतं ते पाहावं, अशा विचारात असावेत.

मग सुरू झाली केशरबाईच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड मुदत. कौन्सिलचं काम कौन्सिलच्या चालीनं चालतं. पोच आली. मग बऱ्याच दिवसांनी कळलं की डॉक्टरांकडून खुलासा मागवला आहे. मग समितीनं प्रकरण चौकशीला घ्यायचं ठरवलं. एक भातपीक निघून दुसरं उभं राहिलं. या सगळ्या काळात केशरबाई नाक्यावरून जाताना तोंडात पदराचा बोळा धरी. लोक मुद्दाम विचारत, "काय केशरबाई, डाक्टर कसं हायेत?"

"हायेत," ती म्हणे.

"मानूस कसा हाय?"

"दोन पायांचा हाय."

गावात अफवा उठली की तिला काहीतरी दुखणं लागलं आहे. चंद्राबाईनं देवाला नारळसुद्धा बोलला.

डॉक्टरांचा खुलासा इंग्रजीत होता. त्याची नकल मिळाल्यावर जयवंतनं सार सांगितलं. प्लास्टर योग्य होतं. अपाय झाला असेल तर हाडवैद्यानं आधी बांधलेल्या कामट्यांमुळे. दुसऱ्या दिवशी रुग्ण आली, पण बोटांबद्दल काहीही न सांगता तिनं घाणेरडी शिवीगाळ केली, म्हणून तिला बाहेर जायला सांगावं लागलं.

"शिवीगाळ केली होती का, आत्या? खरं सांगा."

केशरबाईनं खूप आठवून पाहिलं. "नंतर केली आसंल. भायेर काढल्यावर. आदी न्हाई. आदी म्या रडत व्हते रं."

जयवंतनं आत्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्यानं खुलाशाच्या नकलेची घडी घातली.

मुंबईला सुनावणीच्या दिवशी किसननं नवं धोतर नेसलं होतं आणि केशरबाईनं उजव्या हातावर पदर घेतला होता. लांब टेबलामागे कौन्सिलचे सभासद बसले होते, सगळे वयस्क डॉक्टर. मधले अध्यक्ष होते. कडेला एक जाड भिंगांचे, टक्कल पडलेले गृहस्थ पेंगल्यासारखे बसले होते. नगरकर इस्त्रीच्या शर्टात वकिलासह समोर होते. ते या दोन वर्षांत जरा वाळले होते. ते पाहून केशरबाईला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं.

आधी तिचं निवेदन वाचलं गेलं. मग नगरकरांचे वकील उठले. गोड आवाजाचा माणूस.

"बाई, गावात तुम्ही भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहात, खरं ना?"

"व्हय."

किसननं डोळे मिटले.

"डॉक्टरांना तुम्ही नाक्यावर कसाई म्हणालात?"

"म्हणले. पर त्ये ससूनहून आल्यावर. ह्या कागदात त्ये न्हाई."

"दुसऱ्या दिवशी दवाखान्यातही शिव्या दिल्यात?"

"भायेर काढल्यावर काय बोलले त्ये याद न्हाई. आदी न्हाई दिल्या."

वकिलांनी समाधानानं नगरकरांकडे पाहिलं. "डॉक्टर, आत येताच ही बाई काय म्हणाली, तेवढं कौन्सिलला सांगा."

नगरकर उठले. माणूस खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. अपमान अजून ताजा होता. "मी दुसऱ्या पेशंटला तपासत होतो. ही बाई पडदा सारून सरळ आत आली. माझ्या तोंडासमोर हात नाचवला आणि ओरडली, 'मेल्या! मेल्या!' दोनदा. माझ्या पेशंटच्या देखत. मी तिला म्हटलं, आधी बाहेर हो. पुन्हा तेच. 'डाक्टर, मेल्या!' मी का ऐकून घ्यावं?"

एका सभासदानं ओठ चावला.

केशरबाई चक्रावून त्यांच्याकडे बघत होती. "मेल्या?" ती म्हणाली. "म्या तुमाला मेल्या म्हणले?"

"हो. तीनदा."

"आवं डाक्टर," तिला खरोखरच वाईट वाटलं होतं, "मेल्या ही काय शिवी हाय? आमच्यात मेल्या लेकराला म्हणत्यात, जेवाया ये मेल्या म्हणून. तुमाला शिवी देयाची आसती तर म्या मेल्यावर भागीवलं आसतं व्हय?"

अध्यक्षांनी टेबलावर पेन्सिल आपटली. "बाई, मुद्द्याचं बोला. तुम्ही काय म्हणालात?"

केशरबाईनं पदर बाजूला केला आणि तो वाकडा पंजा पुढे धरला. त्या दिवशी धरला होता तसाच, डाव्या हातानं उचलून.

"म्या म्हणले, बोटं मेल्यात. डाक्टर, मेल्यात, मेल्यात वो! बोटं मेल्यात!"

कडेचे जाड भिंगांचे गृहस्थ जागे झाले. जागेच होते बहुधा. ते एकदम पुढे झुकून म्हणाले, "मेल्यात! मेली आहेत! अहो, आमच्या साताऱ्याकडे बायका पायाला मुंग्या आल्या तरी म्हणतात, पाय मेलाय." मग त्यांनी शेजाऱ्यांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. त्यातला एकच शब्द केशरबाईला ओळखू आला. 'मेल्यात.' इंग्रजीत बसल्यावर तो शब्द उगीचच साहेबासारखा वाटला.

जयवंतनं समोरचं निवेदन उघडलं आणि 'बधिर झाली होती' या शब्दांवर त्याचा अंगठा थांबला. तिचा शब्द न विचारता त्यानं तिथं आपला घातला होता, आणि दोन वर्षं तिचा त्याखाली झाकला गेला होता. केशरबाईनं ते पाहिलं. तिनं हळूच त्याला ढोसलं. "सांगितलं व्हतं तुला. बधिर म्हंजी सासरा."

अध्यक्षांनी नगरकरांना विचारलं, "डॉक्टर, प्लास्टर घातलेला पेशंट दुसऱ्याच दिवशी आला, हात तुमच्यासमोर धरला. शब्द काहीही असो. तुम्ही बोटं पाहिलीत का?"

"मी... त्या वेळी माझा अपमान..."

"बोटं पाहिलीत का?"

"नाही," नगरकर म्हणाले.

कामट्यांवर बराच काथ्याकूट झाला. पण कामट्या बांधल्याचं आणि नगरकरांनीच त्या सोडल्याचं केशरबाईच्या निवेदनात पहिल्याच परिच्छेदात होतं. त्यामुळे तिथं उघडं पाडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

निकाल आला तो पावसाळा संपता संपता. तो इंग्रजीत होता. जयवंतनं ओट्यावर बसून मराठीत सांगितला. प्लास्टर चुकीचं होतं असं कौन्सिलनं म्हटलं नव्हतं. पुराव्यावरून तसं सांगता येत नव्हतं. पण परत आलेल्या रुग्णाला न तपासता घालवणं, हे दुर्लक्ष ठरवलं होतं. डॉक्टरांना ताकीद दिली होती.

"नुसती ताकीद?" किसन म्हणाला. "ताकीद तर ही मला रोज दिती."

"थांब," केशरबाई म्हणाली. "जयवंता, म्या सांगितलं व्हतं, त्ये लिवलंय का?"

जयवंतनं बोट ठेवून वाचलं, "'रुग्ण दुसऱ्या दिवशी आली होती व बोटे मेल्याचे तिने डॉक्टरांना सांगितले होते, हे सिद्ध झाले आहे.' 'बधिर' मी काढलं आत्या. तुमचाच शब्द घातला."

"पुन्यांदा वाच. चंद्रे, हिकडं ये. आबांच्या कानात वरड कुनीतरी."

पुन्हा वाचलं. चंद्राबाईनं ऐकलं आणि उठून चहा टाकायला गेली, भाकऱ्याही तिनंच थापल्या. आबांना ओरडून सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. कळलं की नाही, देव जाणे.

"आता बोलू का म्या भायेर?" केशरबाईनं विचारलं.

"बोला. पण कागदात आहे तेवढंच."

दुसऱ्या दिवशी ती नाक्यावर उतरली. बातमी आधीच पोचली होती. पानवाल्यानं रेडिओ बंद केला. माणसं दवाखान्यासमोर गोळा झाली. दोन वर्षांचा साठा आज फुटणार, अशी सगळ्यांची खात्री होती. भिकू कंपाउंडर मागच्या दारानं निघून गेला. केशरबाई पडदा सारून आत गेली. नगरकर एका म्हातारीला तपासत होते. त्यांनी वर पाहिलं आणि खुर्चीतच ताठ झाले.

केशरबाईनं डाव्या हातानं उजवा हात उचलून त्यांच्यापुढे धरला.

"डाक्टर," ती हळू म्हणाली, "बोटं मेल्यात."

नगरकरांनी या वेळी बोटांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण ते म्हणायच्या आत ती बाहेर आली.

बाहेरची माणसं हिरमुसली. "येवढंच?" कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात पौडची एस.टी. आली आणि थांब्यावर न थांबता पुढे सरकली. केशरबाईनं पदर खोचला. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं होतं, ही त्याची चूक. गाडी पन्नास पावलांवर आपोआप थांबली, ड्रायव्हरही ऐकायला खाली उतरला, आणि पिरंगुटच्या नाक्यानं त्या संध्याकाळी जे ऐकलं ते इथं लिहिता येणार नाही. त्याचा नगरकरांशी मात्र काही संबंध नव्हता.